रेरा नंबर आहे म्हणजे तुमचा फ्लॅट नोंदणीत आहे असं नाही

प्रश्न: वाकडला एका नवीन प्रोजेक्टमध्ये डी विंगला १९व्या मजल्यावर टूबीएचके बघितलाय, ८२ लाख. एजंट म्हणतो रेरा नंबर आहे, बिनधास्त बुक करा. आज १ लाख टोकन दिलं तर ऑफर मिळेल, मग महिन्याभरात २० टक्के भरायचे आणि नंतर अॅग्रीमेंट. नंबर मी महारेराच्या साइटवर टाकला, प्रोजेक्ट दिसतोय. आता अजून काय बघायचं असतं?

उत्तर: नंबर खरा आहे एवढंच तुम्हाला कळलंय. तो नंबर तुमच्या विंगचा आहे का, आणि तुमचा मजला मंजूर आहे का, हे दोन प्रश्न अजून बाकी आहेत. मी पुण्यात मालमत्तेच्या व्यवहारांची वकिली करते. माझ्याकडे बुकिंगनंतर जे लोक कागद घेऊन येतात, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी नंबर बघितलेला असतो. तिथेच समाधान मानून पुढची पानं उघडलेली नसतात.

आधी नंबरचं बोलू. रेरा कायद्यात मोठा प्रकल्प टप्प्याटप्प्याने बांधता येतो आणि प्रत्येक टप्पा हा स्वतंत्र प्रकल्प धरून त्याची वेगळी नोंदणी करावी लागते. म्हणजे एकाच गेटच्या आत, एकाच नावाच्या पाटीखाली तीन-चार रेरा नंबर असू शकतात. ए आणि बी विंगचा एक, क्लब हाउससकट सी विंगचा दुसरा, आणि डी विंगचा अजून आलेलाच नाही, असं चित्र नेहमी दिसतं. जाहिरातीवर मात्र ठळक छापलेला असतो तो पहिल्या टप्प्याचा. एजंट खोटं बोलतोय असंही नसतं, त्याला साइट ऑफिसने तोच नंबर दिलेला असतो.

म्हणून maharera.maharashtra.gov.in वर त्या नंबरचं पान पूर्ण उघडा. प्रकल्पाचं नाव शेवटपर्यंत वाचा, कारण ‘टप्पा १’ किंवा ‘फेज वन’ हे शब्द बहुधा नावाच्या शेपटीत असतात. मग इमारतींचा तपशील असतो तिथे जा. कोणती विंग, किती मजले, कोणत्या प्रकारचे किती फ्लॅट, प्रत्येकाचा कार्पेट एरिया किती, हे तिथे दिलेलं असतं. ‘डी’ हे अक्षर तिथे सापडलं पाहिजे. कधीकधी कागदोपत्री विंगला वेगळं नाव असतं, म्हणजे ब्रोशरमधली डी ही मंजूर नकाशात ‘बिल्डिंग ४’ असते. अशा वेळी नुसत्या तोंडी खुलाशावर जाऊ नका. मंजूर लेआउटचा नकाशा त्याच पानावर चढवलेला असतो, त्यात रस्ता कुठे, मोकळी जागा कुठे हे बघून इमारत जुळवा.

डी विंग नाहीच सापडली, तर त्याच बिल्डरच्या नावाने शोध घ्या, म्हणजे बाकीचे टप्पे समोर येतील. त्यातही नसेल तर विषय संपला. नोंदणीशिवाय जाहिरात करणं, विकणं, बुकिंग घेणं, अगदी खरेदीसाठी बोलावणंसुद्धा कलम ३ खाली चालत नाही. ५०० चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठपर्यंत फ्लॅट एवढीच मोठी सवलत आहे. १९ मजल्यांच्या बाबतीत तिचा प्रश्नच येत नाही. अशा वेळी साइट ऑफिस टोकनला टोकन म्हणत नाही. ‘ईओआय’ नावाचा फॉर्म पुढे करतात, चेक घेतात आणि ‘हे बुकिंग नाही, नुसती इच्छा नोंदवलीय’ असं समजावतात. फॉर्मवर फ्लॅट नंबर आणि दर लिहिलेला असेल तर ते बुकिंगच आहे, नाव काहीही असो. पण पैसे अडकले की ते सिद्ध करायचं काम तुमच्या गळ्यात पडतं.

एक छोटी गंमत सांगते. पुणे जिल्ह्यातल्या जुन्या नोंदणीचे नंबर `P521` ने सुरू होतात, त्यात P म्हणजे प्रोजेक्ट. `A521` ने सुरू होणारा नंबर एजंटचा स्वतःचा असतो. व्हॉट्सअॅपवर ‘रेरा रजिस्टर्ड’ लिहून खाली स्वतःचा नंबर टाकणारे एजंट मी पाहिलेत. अलीकडच्या नोंदणीत नंबरची रचना बदलली आहे, तेव्हा नुसत्या अक्षरांवरून निष्कर्ष काढू नका. साइटवर टाकूनच बघा. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोड छापणंही सक्तीचं आहे. तो स्कॅन केला की थेट त्या नोंदणीच्या पानावर जाता येतं. जाहिरातीवर कोडच नसेल, तर तेवढ्यावरूनही माणूस सावध होतो.

आता मजल्याचं. मला विचाराल तर तुमच्या बाबतीत खरी मेख इथे असण्याची शक्यता जास्त आहे.

बिल्डरच्या डोक्यात इमारत २२ मजल्यांची असते, ब्रोशरमध्येही २२ मजले रंगवलेले असतात. पण महापालिकेने आज मंजूर केलेला नकाशा १४ मजल्यांचाच असू शकतो. वरचे मजले टीडीआर किंवा प्रीमियम एफएसआय, म्हणजे जादा बांधकामाचा हक्क, विकत घेऊन नंतर चढवायचे असतात. तो खर्च बिल्डर आधी करत नाही, खालचे फ्लॅट विकून पैसा आला की करतो. धंद्याच्या हिशोबाने त्यात वावगं काही नाही. अडचण एवढीच की मंजूर नसलेला १९वा मजला आज कोणाला विकता येत नाही. नोंदणी मंजूर बांधकामाची असते. नोंदणीच्या पानावर मंजूर एफएसआय आणि पुढे प्रस्तावित असलेला एफएसआय वेगवेगळा दाखवलेला दिसतो. दुसऱ्या रकान्यात मोठा आकडा असेल तर वरचे मजले अजून हवेत आहेत असं समजा.

हे पडताळायचा कागद म्हणजे बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, सगळे त्याला सीसी म्हणतात. महारेराच्या पानावर कागदपत्रांच्या यादीत त्याची पीडीएफ असते. ती उघडा आणि सावकाश वाचा. वर महापालिकेचं नाव, तुमच्या बाबतीत पिंपरी-चिंचवड. त्याखाली प्रमाणपत्राचा क्रमांक आणि तारीख. मग सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर. मग कोणत्या इमारतीला किती मजल्यांपर्यंत परवानगी आहे ते. ‘पार्किंग + १४’ असं लिहिलेलं असेल, तर १९व्या मजल्याचा फ्लॅट आज कागदावर अस्तित्वात नाही. एकापेक्षा जास्त सीसी चढवलेल्या असतील तर शेवटच्या तारखेची बघा, कारण नकाशा सुधारून घेतला की नवीन सीसी मिळते आणि तीत मजले वाढलेले असू शकतात.

सर्व्हे नंबर इतक्या बारकाईने का बघायचा, तर तोच नंबर त्याच पानावरच्या टायटल रिपोर्टमध्ये, म्हणजे जमिनीच्या मालकीबद्दल वकिलाने दिलेल्या अहवालात, आणि महाभूलेखवरच्या सातबाऱ्यात आला पाहिजे. सीसीत ‘४७/२’ आणि टायटल रिपोर्टमध्ये ‘४७/३’ असेल तर टायपिंगची चूक असू शकते, किंवा शेजारच्या जमिनीच्या कागदांवर काम भागवलेलं असू शकतं. कुठलं ते तुम्ही ठरवू नका, बिल्डरकडून लेखी घ्या.

सीसीची पीडीएफ महारेरावर दिसली म्हणजे ती खरी असेलच, असंही धरून चालू नका. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी महापालिकेच्या बनावट परवानग्या जोडून रेराची नोंदणी मिळवली होती. लोकांनी नंबर बघून, बँकांची कर्जं काढून घरं घेतली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडण्याचा आदेश दिला. तिथले लोक निष्काळजी नव्हते. त्यांनी जे बघायला सांगितलं जातं ते बघितलं होतं, फक्त महापालिकेकडे जाऊन त्या सीसीची खातरजमा कोणी केली नव्हती. त्यानंतर पडताळणी कडक झाली आहे. तरी माझा सल्ला असा की सीसीचा क्रमांक आणि तारीख घेऊन महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागाकडून खात्री करा. आधी त्यांच्या संकेतस्थळावर शोधा, तिथे सापडली नाही तर प्रत्यक्ष जा. अर्धा दिवस मोडेल, पण ८२ लाखांच्या व्यवहारात तेवढा मोडायला हरकत नाही.

विंग सापडली, मजला मंजूर निघाला, असं धरून पुढे जाते. आता तारीख बघा. नोंदणीच्या पानावर प्रकल्प पूर्ण करण्याची मूळ तारीख असते आणि मुदतवाढ घेतली असेल तर सुधारित तारीखही असते. एजंटने तुम्हाला सांगितलेली ताब्याची तारीख याच्या दीड-दोन वर्षं अलीकडची असेल, ही पैज मी लावू शकते. ‘रेरा तारीख ती असते हो, आम्ही आधीच देतो’ हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल. ऐका आणि सोडून द्या. उशीर झाला तर कलम १८ खाली व्याज किंवा पैसे परत मागायचा हक्क अॅग्रीमेंटमध्ये लिहिलेल्या ताब्याच्या तारखेवरून ठरतो, आणि तिथे बिल्डर बहुतेक वेळा रेराचीच तारीख लिहितो. तुमचं भाड्याचं घर, ईएमआय, मुलांची शाळा यांचा हिशोब त्या लांबच्या तारखेने करा.

ती तारीखही पाळली जाईल का याचा अंदाज दोन कागदांवरून येतो. बिल्डरने दर तीन महिन्यांनी प्रगतीची माहिती चढवायची असते. त्यात आर्किटेक्टचा दाखला, म्हणजे फॉर्म १, इमारतीगणिक किती टक्के काम झालं ते सांगतो. खोदकाम, प्लिंथ, स्लॅब, भिंती, असे रकाने असतात. सीएचा दाखला, म्हणजे फॉर्म ३, पैशाचा हिशोब देतो. हा फॉर्म लोक उघडतच नाहीत. मी तो सगळ्यात आधी उघडते.

त्यात काय बघायचं ते उदाहरणाने सांगते, आकडे समजुतीपुरते. समजा, प्रकल्पाचं उरलेलं काम पूर्ण करायला ४० कोटी लागणार आहेत. विकलेल्या फ्लॅटवाल्यांकडून अजून १५ कोटी यायचे आहेत, आणि न विकलेल्या फ्लॅटची अंदाजे किंमत ४५ कोटी दाखवली आहे. बेरीज ६० कोटी, खर्च ४० कोटी, वरवर सगळं छान. पण त्यातले ४५ कोटी फ्लॅट विकले गेले तरच येणार. विक्री थंडावली तर हातात १५ आणि खर्च ४०, मधले २५ कोटी बिल्डरला कर्ज काढून घालावे लागतील. नुकत्याच सुरू झालेल्या इमारतीत हे चित्र स्वाभाविक आहे. पण तारखेला वर्षभर राहिलंय, काम ३५ टक्क्यांवर आहे आणि निम्म्याहून जास्त फ्लॅट पडून आहेत, असं दिसलं तर मुदतवाढ येणार हे ओळखायला ज्योतिषी लागत नाही. आणि तिमाही माहितीच वर्षभर चढवलेली नसेल, तर आणखी मोठी घंटा. माहिती न भरणाऱ्या प्रकल्पांची नोंदणी महारेराने स्थगित केलेली आहे, त्यांची बँक खाती गोठवलेली आहेत. असा प्रकल्प तुमच्या वाट्याला आला तर अॅग्रीमेंटची नोंदणीच अडकते.

याच पानावर प्रकल्पावरच्या कर्जाची आणि चालू दाव्यांची माहिती असते. कर्ज असणं वाईट नाही, मोठे प्रकल्प कर्जावरच उभे राहतात. फक्त कर्ज देणाऱ्या संस्थेचं तुमच्या फ्लॅटपुरतं ना-हरकत पत्र अॅग्रीमेंटच्या आधी हातात हवं. जमीनमालकाबरोबर भागीदारीत केलेला प्रकल्प असेल तर अजून एक प्रश्न विचारा: हा फ्लॅट बिल्डरच्या वाट्याचा की जमीनमालकाच्या? पैसे कोणाला द्यायचे आणि सही कोण करणार, हे त्यावर ठरतं.

आता तुमच्या पैशाबद्दल. महिन्याभरात २० टक्के आणि मग अॅग्रीमेंट, हा क्रमच बेकायदा आहे. कलम १३ प्रमाणे अॅग्रीमेंट करून त्याची नोंदणी होईपर्यंत बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. तुमच्या ८२ लाखांवर ते ८ लाख २० हजार होतात, ते मागतायत १६ लाख ४० हजार. ‘सिस्टीममध्ये असंच आहे’ असं उत्तर येईल. सिस्टीम त्यांची आहे, कायदा सगळ्यांचा आहे. शांतपणे सांगा की १० टक्के घ्या आणि अॅग्रीमेंटची तारीख द्या, नोंदणी झाली की पुढचा हप्ता लगेच देते किंवा देतो. ज्याचे कागद नीट आहेत तो बिल्डर कुरकुर करतो आणि ऐकतो. जो अजिबात ऐकत नाही, त्याची सीसी मी पुन्हा एकदा वाचते.

टोकनचा १ लाख किरकोळ वाटतो, पण त्यातही एक खाच आहे. महारेराने अलॉटमेंट लेटरचा नमुना ठरवून दिलाय. त्यात बुकिंग रद्द केलं तर किती कापायचं ते असं आहे: पत्र दिल्यापासून १५ दिवसांत काही नाही, १६ ते ३० दिवसांत १ टक्का, ३१ ते ६० दिवसांत दीड टक्का, त्यानंतर २ टक्के. हे टक्के फ्लॅटच्या किमतीवर आहेत, भरलेल्या रकमेवर नाहीत. म्हणजे तुम्ही सोळाव्या दिवशी मागे फिरलात तर ८२ लाखांचा १ टक्का, ८२ हजार रुपये जाणार. तुमच्या लाखातले हातात १८ हजार. एकतिसाव्या दिवशी दीड टक्का म्हणजे १ लाख २३ हजार, टोकनपेक्षाही जास्त. तेव्हा कागद तपासायचे ते टोकनच्या आधी. आणि टोकन देऊन बसलाच असाल तर पहिल्या १५ दिवसांत, त्यातही अलॉटमेंट लेटर हातात घेऊन. पत्र न देता नुसती पावती दिली तर ही मुदत कुठून मोजायची यावरून वाद घालायला त्यांना मोकळीक मिळते.

बिल्डरचं स्वतःचं अलॉटमेंट लेटर आणि अॅग्रीमेंट यांचे मसुदे महारेराच्या पानावर असतात. नमुन्यात जिथे बदल केला असेल तो त्याने वेगळा दाखवायचा असतो. साइट ऑफिसमध्ये तुम्हाला सहीसाठी देतात तो कागद आणि हा मसुदा शेजारी ठेवून वाचा. कार्पेट एरियाही जुळवा. कायद्याच्या कार्पेटमध्ये बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरत नाहीत. कोटेशनमध्ये ७८० लिहिलंय आणि साइटवर ६९० येतंय, तर मधले ९० बाल्कनीचे आहेत का ते विचारा. चेक काढाल तो अलॉटमेंट लेटरमध्ये दिलेल्या प्रकल्पाच्या खात्याच्या नावानेच काढा. एजंटच्या, बिल्डरच्या दुसऱ्या कंपनीच्या किंवा ‘सध्या याच्यात टाका’ म्हणून दिलेल्या खात्यात टाकलेला पैसा प्रकल्पाच्या हिशोबात दिसत नाही. ग्राहकांच्या पैशातले ७० टक्के जमीन आणि बांधकामासाठीच राखून ठेवायचे, हा नियम त्या प्रकल्पाच्या खात्यांनाच लागू आहे.

महारेराची नोंदणी कुठवर पुरते तेही समजून घ्या. तिथली बहुतेक माहिती बिल्डरने स्वतः घोषित केलेली असते. ती खोटी निघाली तर त्याला जबाबदार धरता येतं, हा त्या पानाचा खरा उपयोग. जमिनीचं टायटल निर्वेध आहे किंवा बांधकाम चांगलं होईल, असं महारेरा कुठेही म्हणत नाही. टायटलसाठी वकिलाकडून स्वतंत्र सर्च करून घ्या. बँक तिचा सर्च करते तो तिचं कर्ज सुरक्षित राहावं म्हणून.

आज एजंटला एवढाच मेसेज टाका: “डी विंगचा रेरा नंबर, १९व्या मजल्याचा समावेश असलेली सीसी आणि अलॉटमेंट लेटरचा मसुदा पाठवा. तपासून १० टक्क्यांच्या आत रक्कम देऊ, बाकी अॅग्रीमेंटच्या नोंदणीनंतर.” ऑफर आज संध्याकाळी संपतेय म्हणाला तर संपू दे, पुढच्या शनिवारी दुसऱ्या नावाने परत येते.

आणि सगळं जुळलं, बुक करायचं ठरलं, तर त्याच दिवशी मंजूर नकाशे, सीसी, फॉर्म १, फॉर्म ३ आणि अॅग्रीमेंटचा मसुदा डाउनलोड करून तारखेच्या फोल्डरमध्ये ठेवा, सोबत प्रकल्पाच्या पानाचा स्क्रीनशॉटही. पानावरची माहिती पुढे बदलत राहते. उद्या बागेच्या जागी आणखी एक विंग आली, तर दोन तृतीयांश फ्लॅटधारकांची लेखी संमती घेतली होती का हा वाद उभा राहतो. त्या वेळी तुम्ही बुक केलंत तेव्हा नकाशात तिथे बाग होती, हे दाखवणारा कागद तुमच्याकडे असलेला बरा.